सौम्य कोविड होऊन सात आठवडे झाले, थकवा जात नाही. तपासण्या करू का? (नाशिक)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. वय ३८, राहते इंदिरानगरला, नोकरी सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये. सात आठवड्यांपूर्वी घरच्या किटवर दोन रेघा उमटल्या. तीन दिवस ताप, घसा, अंगदुखी. ऑक्सिजन ९७ च्या खाली गेला नाही. पॅरासिटामॉलवर भागलं आणि आठव्या दिवशी मी ऑफिसला हजर.

त्रास खरा त्यानंतर सुरू झाला. एखाद्या दिवशी मी ठणठणीत असते, जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्याही होतात. आणि एखाद्या दिवशी कणीक मळता मळता हात थांबतो, परात तशीच ठेवून आडवं व्हावं लागतं. झोप आठ तास होते, पण उठल्यावर वाटतं की रात्रभर कुणीतरी कामाला लावलं होतं. ताप नाही, खोकला नाही. या थकव्याला काही नेमच नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, "होईल हळूहळू", आणि मल्टीव्हिटॅमिन लिहून दिलं. आमच्या ह्यांनी मोबाइलवर ८२ तपासण्यांचं पॅकेज शोधून ठेवलंय. करावं का? आणि हे साधारण किती दिवस चालतं?

देवळालीवाला:
ताई, मी निवृत्त फौजी, वय ६४. मलाही झाला होता. पडून राहिलात तर स्नायू आणखी ढिले पडतात. रोज पाचशे पावलं वाढवत न्या, मन खंबीर ठेवा. मी दोन महिन्यांत पांडवलेणी एका दमात चढलो. तपासण्या वगैरे काही नको.

द्राक्षबाग:
माझंही असंच झालं होतं, म्हणून लिहितो. निफाडला बाग आहे. कोविडनंतर छाटणीच्या वेळी बागेत दोन ओळी चाललो की बसावं लागायचं. सगळे म्हणाले कोविडचा अशक्तपणा, मीही तेच धरून चाललो. पण रात्रीतून चार वेळा उठणं व्हायचं, तहान भागायची नाही, आणि वजन सहा किलो उतरलं. शेवटी साखर तपासली तर ३४० निघाली. मधुमेह नवा होता की आधीपासूनचा, कोण सांगणार! तर ताई, साखर आधी बघा. भात बंद करा.

गोदाकाठ:
दादा, तहान किंवा वजनाचं काही नाही माझं, उलट दोन किलो वाढलंय. पण साखर बघते.

मिसळ_दही:
वास परत यायला मला पाच महिने लागले. सकाळी लवंग आणि निलगिरी हुंगायचे. धीर धरा, येतो वास.

गोदाकाठ:
माझा वास शाबूत आहे हो! थकव्याबद्दल विचारलंय.

स्टेथोस्कोप:
मी फिजिशियन आहे, नाशिकलाच. पेशंट समोर नसताना निदान करत नाही, पण एक विचारतो. तुम्ही लिहिलंत की नेम नाही. ऑफिसची डायरी किंवा मोबाइलमधलं कॅलेंडर उघडा. जे तीन-चार दिवस सगळ्यात वाईट गेले ते शोधा आणि त्यांच्या *आदल्या दोन दिवसांत* काय केलं होतं ते लिहा. फक्त कष्टाचंच काम नको; जागरण, भांडण, महिनाअखेर, सगळं लिहा.

आणखी दोन गोष्टी सांगा. उभं राहिल्यावर धडधड किंवा चक्कर येते का? पाळी किती दिवस, किती अंगावरून जातं?

गोदाकाठ:
बसून काढलं. थोडी चक्रावलेच.

एका शनिवारी माळा आवरला, पडदे धुतले. रविवारी बरी होते. सोमवारी ऑफिसला दांडी. नंतर महिनाअखेरचं क्लोजिंग, बुधवारी रात्री नऊपर्यंत स्क्रीनसमोर. गुरुवार जेमतेम गेला आणि शुक्रवारी ब्रश करून परत झोपले. मग रविवारी घरी आठ पाहुणे, पुरणाचा स्वयंपाक, आणि मंगळवार-बुधवार कामातून गेले.

धडधड किंवा चक्कर नाही. पाळी सहा दिवस, पहिले तीन दिवस भरपूर. कॉलेजपासून असंच आहे, त्यामुळे ते सांगण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं.

स्टेथोस्कोप:
म्हणजे नेम आहे, फक्त तो दीड-दोन दिवस मागे दडलाय. साध्या अशक्तपणात माणूस काम करताना दमतो आणि रात्रीच्या झोपेने भरून निघतं. तुमच्याकडे काम त्या दिवशी निभतं, पुढचा दिवसही कधी बरा जातो, आणि मग सगळं अंगावर कोसळतं ते दोन-दोन दिवस उठू देत नाही. विषाणूच्या आजारांनंतर काहींना असं होतं. क्लोजिंगच्या रात्री तुम्ही खुर्चीतून हलला नाहीत, तरी शुक्रवारी आडव्या झालात, हे लक्षात ठेवा. डोक्याचं कामही हिशोबात धरावं लागतं.

म्हणूनच फौजी साहेबांचा सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. आजारपणात पडून राहून स्नायू उतरले असतील तर रोज थोडं वाढवत जाणं बरोबरच. पण मागाहून कोसळणाऱ्या माणसाने ठरवून रोज वाढवलं तर तो आणखी मागे जातो. तुमचा घात चांगला दिवस करतोय. बरं वाटलं की साठलेलं सगळं उरकून टाकता. त्या दिवशी जेवढं जमेल असं वाटतं, त्याच्या अर्ध्यावर थांबा. दमल्यावर नको, दमायच्या आधी वीस मिनिटं डोळे मिटून पडा. कणीक बसून मळा. असे दोन आठवडे एकदाही न कोसळता गेले की एखादीच गोष्ट थोडीशी वाढवा आणि तीन दिवस वाट बघा.

किती दिवस? सौम्य कोविडनंतर बहुतेकांचा थकवा चार ते बारा आठवड्यांत ओसरतो, तोही सरळ उतारासारखा नाही, चढउतार करत. तुम्ही त्या मुदतीत आहात. बारा आठवड्यांनंतरही टिकला तर सगळं नव्याने तपासायचं. काहींना त्याहून बरेच महिने लागतात, हे लपवत नाही. पण छातीत दुखणं, चालताना धाप, शुद्ध हरपणं, एका पायाला सूज यांपैकी काही झालं तर बारा आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, खोकला असं दोन आठवडे चाललं, तर आपल्याकडे टीबीसाठी थुंकी तपासायलाच हवी.

पॅकेजवाली_मावशी:
डॉक्टर, पण एकदा सगळं करून घेतलं तर काय बिघडलं? आमच्याकडे पॅकेजमध्ये अँटिबॉडीसुद्धा होती. माझ्या जावेची डी-डायमरही केली होती.

स्टेथोस्कोप:
मावशी, लॅबची नॉर्मल रेंज अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतली साधारण पाच जणं तिच्या बाहेर पडतात. आता एकाच माणसाच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर एखादी तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. मग त्या लाल अक्षराच्या मागे सोनोग्राफी, मग आणखी काही. अँटिबॉडीवरून थकवा का आहे ते कळत नाही. डी-डायमर पायात किंवा फुप्फुसात गुठळीचा संशय असेल तेव्हाची, नुसत्या थकव्याची नाही. धाप नसताना छातीचं सीटी तर नकोच.

गोदाकाठ यांना मात्र थोड्या तपासण्या जरूर सांगेन, कारण थकव्याची दुसरी साधी कारणं कोविडच्या आड लपतात. सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, लिव्हर आणि सीआरपी. शाकाहारी असाल तर बी-१२. फेरिटिन मुद्दाम सांगतोय. हिमोग्लोबिन बरं असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि तुमची पाळी तेच सुचवते. ताप असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, त्यामुळे तेव्हा केलं असतंत तर फसला असता. आता चालेल. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तीन दिवस आधी थांबवा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

गोदाकाठ:
घेते हो केसांसाठी! हे कुणीच सांगितलं नव्हतं. शाकाहारी आहे.

*(अकरा दिवसांनी)*

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ९, टीएसएच ५.६ आणि त्यापुढे लाल बाण. साखर ५.४. बी-१२ ठीक. बाकी रेंजमध्ये. टीएसएच बघून हे म्हणाले, आता जन्मभर थायरॉइडची गोळी.

स्टेथोस्कोप:
फेरिटिन ९ म्हणजे साठा संपलाय, हिमोग्लोबिन काहीही म्हणो. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवून लोहाची गोळी सुरू करा. चहा गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास नको. पोट बिघडलं तर एक दिवसाआड घ्या, तशी ती शोषलीही चांगली जाते. साठा भरायला तीन महिने तरी लागतात, म्हणून बरं वाटल्यावर मध्येच सोडू नका. आणि जास्तीच्या पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, नाहीतर वरून भराल आणि खालून गळत राहील.

टीएसएच आजारपणानंतर थोडं वर जातं आणि पुष्कळदा आपोआप उतरतं. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करा, सोबत फ्री टी-फोर. तोवर गोळी नको.

एक मात्र सांगतो. लोह कमी असणं तुमच्या थकव्याचा एक भाग समजावून देतं. दोन दिवसांनी कोसळण्याचं काय, ते लोहानेच जाईल की नुसत्या वेळेने, हे मी आज सांगू शकत नाही. अर्ध्यावर थांबण्याचं पथ्य चालूच ठेवा.

देवळालीवाला:
मला अजूनही वाटतं की शिस्तीत चालणं हवंच. पण माझी मुलगीही असंच म्हणायची, "बाबा, काल नाही, आज दमले." मी तिला आळशी म्हणालो होतो. तिलाही हा धागा पाठवतो.

गोदाकाठ:
काका, नक्की पाठवा.

सध्या डायरी लिहितेय. अकरा दिवसांत एकदाच कोसळले, तेही मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमानंतर बरोबर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आता एक शेवटचं विचारते. पुढच्या महिन्यात सासूबाईंचा वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाचा नेम आहे. त्या दरवर्षी पायऱ्यांनी चढतात आणि मीही सोबत असते. नाही म्हणणं कठीण आहे.

स्टेथोस्कोप:
जा, पण ट्रॉलीने. सासूबाईंना वर भेटा. आणि रजा दर्शनाच्या दिवशीची नको, त्याच्या पुढच्या दोन दिवसांची टाका.