लांबचे पेव्हर का चमचमतात?

> किल्ल्याजवळच्या रस्त्याचा 3D सीन करतोय. जवळचे पेव्हर छान, कॅमेरा हलला की लांबचे चमचमतात. मिपमॅप लावले तर सगळं पुसट झालं.

भावा, आकडे घालून बघ की. तुझं टेक्स्चर, म्हणजे रस्त्यावर चढवलेलं पेव्हरचं चित्र, १०२४×१०२४ धर. त्यातला एकेक ठिपका म्हणजे टेक्सेल. हे अख्खं चित्र लावलेला लांबचा एक तुकडा स्क्रीनवर ६४ पिक्सेल रुंद, पण फक्त ८ पिक्सेल उंच दिसतो. म्हणजे एका पिक्सेलमागे आडवे १६ आणि उभे १२८ टेक्सेल. मिपमॅप नसताना त्यातले दोन-चारच वाचले जातात. कॅमेरा जरा सरकला की कधी पेव्हर हाती लागतो, कधी सांध्याची काळी रेघ. तीच चमचम.

मिपमॅप म्हणजे आधीच सरासरी काढून निम्म्या-निम्म्या केलेल्या प्रती. मेमरी एक-तृतीयांश जास्त लागते, ते चालतंय. पण प्रत निवडताना मोठा आकडा, १२८, धरतात आणि ८×८ ची प्रत मिळते. आडव्या दिशेला ६४×६४ ची प्रत चालली असती, म्हणून पुसट.

यावर उपाय ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग. ते तीच ६४×६४ ची प्रत घेतं आणि उभ्या दिशेत ८ नमुने काढून सरासरी करतं. १२८ भागिले १६ बरोबर ८, म्हणून इथं त्याचं `8x` सेटिंग पुरे.

मिपमॅप मात्र चालूच ठेव. एवढं करूनही तारेचं कुंपण लुकलुकलं तर दोष टेक्स्चरचा नाही, कडांचा. त्याला कडा मऊ करणारं अँटी-एलियासिंग लागतं.