प्रतिसाद: स्कोप वाढला तर बेसलाइनचं काय
"क्लायंट म्हणतोय बारकोड स्कॅनिंगपण याच रिलीजमध्ये टाका, छोटंसंच काम आहे. हो म्हणू का?"

लगेच नको. आमच्याकडे तुर्भ्याच्या गोदामवाल्याचं सेम झालं, कोडिंग 5 दिवसांचं पण स्टॉक एंट्रीचं टेस्टिंग परत 4 दिवस आणि गोदामातल्या लोकांचं ट्रेनिंग 3, म्हणजे गो-लाइव्ह 12 दिवस पुढे, हे खर्चासकट एका पानावर लिहून दिलं आणि सही घेतली ती पैसे मंजूर करणाऱ्या साहेबांची, व्हॉट्सॲपवरचा 'ओके' धरू नकोस. सही येईपर्यंत काम जुन्याच प्लॅनवर. नंतर नवी बेसलाइन, म्हणजे मंजूर झालेला तारखा-खर्चाचा प्लॅन, पण जुनी पुसायची नाही, शेजारी ठेवायची. आणि आपण आधीच 4 दिवस मागे असू तर ते गुपचूप या 12 मध्ये घुसडायचे नाहीत (मोह होतोच!), जुन्या-नव्या तारखांमध्ये 16 चा फरक दिसला की क्लायंट बिल अडवतो.