कॉलेजसाठी डिजिटल गोपनीयतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम: मतं हवीत

मीनल_ठाणे: द्वितीय वर्षाच्या साठ मुलांसाठी आराखडा केलाय. १) गोपनीयतेचा हक्क आणि २०२३चा डेटा संरक्षण कायदा, २) पासवर्ड, ३) ब्राउझर आणि कुकीज, ४) ॲपच्या परवानग्या, ५) समाजमाध्यमं, ६) आधार आणि कागदपत्रं, ७) फसवणूक, ८) आत्मतपासणी. दर आठवड्याला एक कृती. शेवटी वीस प्रश्नांची यादी, प्रत्येक उत्तराला स्क्रीनशॉट, ५० गुण. काय बदलावं?

कोपरीकर: क्रमच उलटा आहे, आणि असे आराखडे वाचून आता चीड येते. तपासणी आठव्या आठवड्यात ठेवली की मुलं आदल्या रात्री सगळी बटणं बंद करतात, स्क्रीनशॉट काढतात आणि पुन्हा चालू करतात. पहिल्याच तासाला कोरा कागद द्या आणि पासवर्ड विसरला तर कुठलं खातं कशाच्या जोरावर उघडतं, त्याचा नकाशा बाणांनी काढायला लावा.

एक नमुना घ्या. दिव्याहून येणारी मुलगी. परीक्षेचं पोर्टल आणि इन्स्टाग्राम, दोघांनाही मुख्य जीमेल जोडलेलं. मुख्य जीमेलचा रिकव्हरी ईमेल म्हणजे आठवीत काढलेलं जुनं जीमेल. जुन्याचा रिकव्हरी फोन म्हणजे आईचा जुना नंबर, रिचार्ज न केल्याने बंद झालेला. बंद नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण नंतर देतात. तो ज्याच्या हातात जाईल, त्याच्याकडे जुन्या जीमेलचा कोड येऊ शकतो, तिथून मुख्य जीमेलचा. गूगल दरवेळी फक्त एसएमएसवर दार उघडत नाही, पण दार आहे. वीस प्रश्नांच्या यादीत ‘रिकव्हरी ईमेल भरला आहे का?’ याला ही मुलगी ‘हो’ लिहील आणि गुणही घेईल.

कृती सोपी आहे. ‘फर्गॉट पासवर्ड’पर्यंत जायचं, कोड कुठे पाठवू असं विचारलं की नंबराचे शेवटचे आकडे टिपायचे आणि मागे फिरायचं. पुढे जाऊन पासवर्ड बदलायचा नाही. दुरुस्ती केली तरी नकाशा लगेच बदलत नाही, कारण रिकव्हरी फोन बदलल्यावर सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरावर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. म्हणून आठव्या आठवड्यात नवा नकाशा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. तीच आत्मतपासणी.

घणसोलीचा_गण्या: नकाशे बिकाशे ठीक आहेत, पण मुलं फोन लोकलमध्ये गमावतात. ठाणे स्टेशनला दारात उभं राहिलं की फोन गेलाच. स्क्रीनला पॅटर्न असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनात टाकतो आणि ओटीपी त्याच्याकडे. सिमला पिन लावा, विषय संपला.

कोपरीकर: बरोबर आहे, माझ्या नकाशात सगळ्यांच्या मुळाशी सिमच येतं. पण विषय संपत नाही. वर्गात साठ जणांना एकदम सिम पिन लावायला सांगाल तर निम्मे कंपनीचा मूळ पिन अंदाजाने टाकतील. तीन चुकले की फोन पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड मागतो, आणि तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. मूळ पिन कंपनीकडून आधी विचारून घ्यायचा, मगच हात लावायचा. आणि अपडेटनंतर फोन रात्री आपोआप रीस्टार्ट झाला तर पिन टाकेपर्यंत फोन येत नाहीत, हेही मुलांना सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे पिन काढून टाकतील.

गण्या: मान्य. पण सहाव्या आठवड्याचं आधार काढून टाका. मुलं झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवरच पीडीएफ पाठवतात आणि व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे. मधे कोणी वाचू शकत नाही.

मीनल_ठाणे: मधे कोणी वाचत नाही, पण टोकाला दुकानाचा कॉम्प्युटर आहे ना! व्हॉट्सॲप वेबवर फाइल उघडली की ती ‘डाउनलोड्स’मध्ये उतरते. मुलीने बाहेर येऊन ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तर चॅटमधून जाते, फोल्डरमधून जात नाही. डिसअपिअरिंग मेसेजचंही तेच. सहावा आठवडा याच्यासाठीच आहे.

झेरॉक्स_नौपाडा: आम्हाला चोर ठरवायचं बंद करा. प्रवेशाच्या दिवसांत सकाळी साडेदहाला काउंटरवर पंधरा पोरं, सगळ्यांना अकराच्या आत फॉर्म जोडायचा असतो. त्यात ‘माझी फाइल काढून टाका’ म्हणणारा एकही नसतो. म्हणालं की काढतो. फक्त ‘शिफ्ट’ धरून ‘डिलीट’ दाबा म्हणा, नाहीतर फाइल रीसायकल बिनमध्ये पडून राहते. आणि ई-आधारचा पासवर्ड लपवून काय उपयोग? नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही कार्डावर छापलेलं.

कोपरीकर: दुकानदाराचा मुद्दा रास्त आहे. ई-आधारचा पासवर्ड फाइल चुकीच्या माणसाला गेली तरच थोडा आडवा येतो, दुकानात तर तुम्ही स्वतःच सांगता. म्हणून मास्क्ड आधार न्यायचं. `myaadhaar.uidai.gov.in` वर ई-आधार उतरवताना मास्क्डचा पर्याय निवडायचा, मग फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. छापल्यावर प्रतीवर आडवं लिहायचं: कशासाठी, कुठल्या तारखेला, आणि त्यावरून सही.

बेलापूरकरीण: माझा मुलगा वाशीच्या कॉलेजात आहे. ही तपासणी पालकांना पाठवणार का? तो कुठल्या ॲपवर आहे ते मला घरी कळत नाही, कॉलेजने तरी कळवावं.

मीनल_ठाणे: नाही ताई. मुलं सज्ञान आहेत, आणि पालकांना जाणार म्हटलं की कोणी खरं लिहिणार नाही.

गण्या: मास्क्ड आधार कॉलेजचा क्लार्क परत करतो, हे कोणी बोलत नाही. ‘पूर्ण नंबर दिसला पाहिजे.’ मे २०२२मध्ये आधारवाल्यांच्या बंगळुरू कार्यालयाने छायाप्रत कुणाला देऊ नका, मास्क्ड वापरा असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. मग पोरांनी कुणाचं ऐकायचं? आधी तुमच्या ऑफिसला अभ्यासक्रम शिकवा, मग आमच्या पोरांना.

मीनल_ठाणे: ऑफिसवर राग आहे तो माझ्यावर काढू नका. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर आधार लागतं, ते ऑनलाइन. प्रवेश अर्जाला जोडलेल्या छायाप्रतीवर पूर्ण नंबर का हवा, हे मी प्राचार्यांना लेखी विचारणार आहे. उत्तर काय येईल ते आज सांगू शकत नाही.

कोपरीकर: ते विचाराच. पण तुमच्या आराखड्यातली सर्वांत धोक्याची ओळ अजून तशीच आहे: प्रत्येक उत्तराला स्क्रीनशॉट. साठ मुलांचे रिकव्हरी नंबर, ईमेल, जोडलेली उपकरणं, कुणाच्या नावावर किती सिम, हे सगळं एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये, आणि लिंक ‘ज्याच्याकडे असेल तो’. एवढा माल एका जागी कुठल्याच झेरॉक्सच्या दुकानात नसतो. नकाशा मुलाच्या वहीतच राहू द्या. तुमच्याकडे फक्त दोन आकडे यावेत: पहिल्या आठवड्यात बंद किंवा दुसऱ्याच्या नंबरावर जाणारे बाण किती होते, आठव्यात किती उरले. गुण पाच मिनिटांच्या तोंडीवर द्या. एक बाण का तोडला आणि एक का ठेवला, एवढंच विचारा. वडिलांच्या नावावरचं सिम तसंच ठेवणं हेही योग्य उत्तर असू शकतं, कारण सांगता आलं तर.

मीनल_ठाणे: नकाशा पहिल्या आठवड्यात आणते. कायदा शेवटी जाईल, तसंही नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण साठ तोंड्या घ्यायच्या म्हणजे पाच तास, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला पुरावा लागतो. ‘दोन आकडे’ पुरावा म्हणून कोण घेईल?

कोपरीकर: सही केलेली गुणपत्रिका घेतील. नाही घेतली तर नावं आणि नंबर खोडलेले पाच नकाशे जोडा, मुलांना विचारून.

मीनल_ठाणे: पाच चालतील. स्क्रीनशॉटची अट काढून टाकली. ५० गुण मात्र राहतील, त्याशिवाय मुलं बसत नाहीत.

गण्या: गुणांसाठी काढलेला नकाशा खोटाच असणार, लिहून ठेवा.