मदत हवी आहे: वेळ जितका लहान घेतो तितका वेग जास्तच उड्या मारतोय

शार्दूल_११वी

नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे. इन्स्टंटेनियस व्हेलॉसिटीचा धडा संपला आणि गणितं सुटतात, पण ती गोष्ट खरोखर मोजता येते का हे बघायचं होतं म्हणून घरीच प्रयोग केला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून क्रिकेटचा सीझन बॉल खाली सोडला (खाली जुनी गादी टाकली होती), भिंतीला टेप चिकटवली आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बॉल कुठे आहे ते टेपवर वाचलं. बॉल थोडा पुसट दिसतो, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा बारीक वाचता येत नाही.

मला बॉल सुटल्यापासून बरोबर अर्ध्या सेकंदाला, म्हणजे १२०व्या फ्रेमला, वेग किती होता ते हवंय. त्या फ्रेमला बॉल १३०.० सेंमी खाली होता. तिथून पुढच्या वेगवेगळ्या फ्रेमपर्यंतचा सरासरी वेग काढला:

४८ फ्रेम (०.२ से.): २५५.० सेंमी, वेग ६.२५ मी/से
२४ फ्रेम (०.१ से.): १८७.० सेंमी, वेग ५.७०
१२ फ्रेम (०.०५ से.): १५७.५ सेंमी, वेग ५.५०
६ फ्रेम: १४३.५ सेंमी, वेग ५.४०
३ फ्रेम: १३७.० सेंमी, वेग ५.६०
२ फ्रेम: १३४.० सेंमी, वेग ४.८०
१ फ्रेम: १३२.५ सेंमी, वेग ६.००

पुस्तक म्हणतं वेळ लहान करत गेलो की सरासरी वेग एका आकड्याकडे जातो. सुरुवातीला जातोय, आणि नंतर सगळं बिघडतंय. सूत्राने ९.८ × ०.५ = ४.९ यायला हवं, पण आकडे तिकडेही जात नाहीत. शिवाय दुसरी शंका आहे. वेळ शून्य केला तर ०/० होतं, आणि शून्य केला नाही तर तो सरासरीच वेग राहतो. मग 'त्या क्षणाचा' वेग नेमका कधी मिळतो?

अवकाळी_पाऊस

मित्रा, शून्य कधीच करायचा नसतो. त्या क्षणाचा वेग म्हणजे अगदी लहान वेळातला सरासरी वेग, एवढंच. तुझ्याकडे सर्वांत लहान वेळ एक फ्रेम आहे, म्हणजे तुझं उत्तर ६.००. आणखी अचूक हवं असेल तर ९६० फ्रेमवाला फोन मिळव.

शार्दूल_११वी

पण मग त्याच्या पुढच्या फ्रेमला उत्तर ३.६० येतं आणि त्याच्या पुढे ७.२० (१३२.५, १३४.०, १३७.०). बॉल पडताना मध्येच हळू होऊन परत जोरात कसा जाईल?

पळता_पाय

हेच माझ्या पळण्याच्या घड्याळाचं होतं! मी एका लयीत पळत असतो आणि 'सध्याचा पेस' मात्र किलोमीटरला ५:२० वरून ६:४० वर जातो, झाडाखाली तर काहीच्या काही. पूर्ण किलोमीटरचा सरासरी पेस मात्र बरोबर असतो. कंपनीला मेल केला तर म्हणाले घड्याळ ठीक आहे. कोणतं घड्याळ घ्यावं, कुणी सुचवेल का?

सुमेधा_के

शार्दूल, आकडे दिलेस हे फार बरं केलंस. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि हा प्रश्न मुलांनी विचारावा अशी माझी फार इच्छा असायची. तुझ्या यादीत दोन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवू.

पहिली गोष्ट बॉलची. समजा बॉल t सेकंदांत ४.९t² मीटर पडतो. अर्ध्या सेकंदापासून पुढे h सेकंदांतलं अंतर काढ, त्याला h ने भाग, आणि वर्ग सोडव. सरासरी वेग येतो ४.९ + ४.९h. म्हणजे h = ०.१ ला ५.३९, ०.०१ ला ४.९४९, ०.००१ ला ४.९०४९. पुढे जाताना बॉलचा वेग वाढतोय, म्हणून पुढच्या तुकड्यातला सरासरी वेग नेहमी थोडा जास्तच येणार, आणि तो जास्तीचा भाग h च्या प्रमाणात घटणार. तुझ्या पहिल्या तीन-चार ओळींत हेच दिसतंय.

दुसरी गोष्ट तुझ्या वाचनाची. दोन टोकांना मिळून चूक जास्तीत जास्त एक सेंटिमीटर धर. ही चूक वेळ लहान झाला म्हणून लहान होत नाही, ती तेवढीच राहते, आणि तू तिला भागतोस मात्र लहान लहान वेळाने. ०.१ सेकंदाने भागलंस तर वेगात ०.१ मी/से ची चूक. एका फ्रेमने, म्हणजे १/२४० ने भागलंस तर २.४ मी/से! म्हणून ३.६ आणि ७.२ दोन्ही येऊ शकतात. बॉल शहाण्यासारखाच पडतोय.

अवकाळी, ९६० फ्रेमच्या फोनने हे आणखी वाईट होईल. फ्रेम चौपट बारीक, पण टेपवरचं वाचन तेवढंच जाड, म्हणजे एका फ्रेममागची चूक चौपट.

अवकाळी_पाऊस

मान्य, पण मग व्याख्याच पडली ना? 'लहान वेळातला सरासरी वेग' हे चूक कसं?

सुमेधा_के

अर्धं बरोबर आहे. लहान म्हणजे किती लहान? ०.०१ घेतलास तर ४.९४९, ०.००१ घेतलास तर ४.९०४९, आणि यातला एकही आकडा त्या क्षणाचा वेग नाही. ते सगळे ज्या आकड्याला धरून आहेत तो ४.९, त्यालाच या सरासरी वेगांची मर्यादा म्हणतात. तू म्हणालास मला ०.००००१ इतकी जवळीक हवी, तर मी सांगेन h दोन मायक्रोसेकंदांहून लहान ठेव, तेवढ्यात फरक कधीच त्याबाहेर जाणार नाही. तू कितीही कडक अट घाल, मला h साठी एक हद्द सांगता येते, आणि हे फक्त ४.९ बद्दल जमतं. ४.९१ बद्दल जमत नाही, कारण h लहान झाल्यावर सरासरी त्याच्यापासून लांबच राहते. हा रांगेतला शेवटचा सरासरी वेग नाही, कारण शेवटचा असा कुणी नसतोच.

शार्दूलच्या ०/० चं उत्तर यातच आहे. h ने भागताना h शून्य नाही, आणि नंतरही तो शून्य 'केला' जात नाही. आपण फक्त विचारतो की h शून्याजवळ जाताना ४.९ + ४.९h कुठल्या आकड्याला हवं तितकं चिकटतं. आधी भागायचं आणि मग त्याच h ला शून्य म्हणायचं, यावर बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये न्यूटनच्या पद्धतीवर जाहीर हल्ला चढवला होता, आणि आक्षेप रास्त होता. पक्कं उत्तर पुढच्या शतकात कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या कामातून आलं. तेव्हा ही शंका आली म्हणजे धडा नीट वाचला आहेस.

शार्दूल_११वी

थँक यू मॅडम, ०/० चं कळलं. पण मोजताना मग मी काय करू? लहान वेळ घेतला तर वाचनाची चूक, मोठा घेतला तर वेग जास्त येतो.

सुमेधा_के

मोठे वेळ टाकून देऊ नकोस. आलेख कागदावर आडव्या अक्षावर h आणि उभ्यावर सरासरी वेग घे. ०.२, ०.१ आणि ०.०५ चे तीन बिंदू मांड आणि पट्टीने त्यांच्यातून जाणारी रेष ओढ. ती मागे वाढवून h = ० च्या उभ्या रेषेला कुठे भेटते ते वाच. साधारण ५.२ ते ५.३ येईल. h शून्य असताना तू काहीच मोजलं नाहीस, तरी रेष कुठे निघाली आहे ते दिसतं.

दुसरी युक्ती: क्षण मधोमध ठेव. तुझी ९६वी आणि १०८वी फ्रेम वाच.

शार्दूल_११वी

९६ ला ८३.० सेंमी आणि १०८ ला १०५.५.

९६ ते १४४: (१८७.० − ८३.०) ÷ ०.२ = ५.२०
१०८ ते १३२: (१५७.५ − १०५.५) ÷ ०.१ = ५.२०

दोन्ही सारखे! हे कसं?

सुमेधा_के

मागच्या तुकड्यातला सरासरी वेग जितका कमी, तितकाच पुढच्या तुकड्यातला जास्त, म्हणून जास्तीचा भाग उडून जातो. पण हे नेमकं जुळतं ते त्वरण स्थिर असेल तेव्हाच. पिसावर किंवा फुग्यावर करशील तर मोठा h घेतल्यावर थोडा फरक राहीलच. जड सीझन बॉलला, या उंचीवर, हवेचा अडथळा एवढा कमी आहे की तुझ्या वाचनात दिसणार नाही.

आता ५.२ आणि ४.९ मधलं अंतर. ५.२ ला अर्ध्या सेकंदाने भागलंस तर g येतो १०.४. हा वाचनाच्या उड्यांचा परिणाम नाही, कारण उड्या कधी वर जातात कधी खाली, आणि तुझी दोन्ही उत्तरं मात्र एकाच बाजूला आहेत. बॉल भिंतीपासून किती लांब पडत होता, आणि फोन भिंतीपासून किती लांब होता?

शार्दूल_११वी

बॉल साधारण १५ सेंमी पुढे, फोन अडीच मीटरवर स्टूलवर होता.

सुमेधा_के

मग सापडलं. फोनला बॉल २३५ सेंमीवर आहे आणि टेप २५० वर. बॉल जवळ असल्यामुळे त्याने कापलेलं अंतर मागच्या टेपवर मोठं दिसतं, २५० ÷ २३५ पट. म्हणून तुझे सगळे वेग २३५/२५० ने गुण: ५.२० चे ४.८९ होतात. पुढच्या वेळी टेप बॉलच्याच सरळ रेषेत, काठीला बांधून उभी कर.

मर्यादा घेण्याची पद्धत कितीही चोख असली तरी ही चूक तिने जात नाही, कारण इथे प्रत्येक सरासरी वेग एकाच पटीत वाढलाय आणि मर्यादाही त्याच पटीत वाढते.

पळता_पाय

म्हणजे माझ्या घड्याळाचंही तेच दुखणं आहे का? जागेत चार-पाच मीटर इकडेतिकडे आणि वेळ एक-दोन सेकंद?

सुमेधा_के

बरंचसं तेच. म्हणून पेस दाखवताना घड्याळं काही सेकंदांची सरासरी घेतात. जीपीएसला दुसरीही सोय आहे: उपग्रहाच्या सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या डॉप्लर फरकावरून वेग थेट निघतो, दोन जागांची वजाबाकी न करता. तुमच्या घड्याळात कुठली पद्धत आहे ते मला बाहेरून सांगता येणार नाही. पेससाठी लॅपची सरासरी लावून ठेवा, नवीन घड्याळ घ्यायची घाई नको.

कॅमेरावाला_सातारा

एक गोष्ट कुणी विचारली नाही. काही फोन खऱ्या २४० फ्रेम घेत नाहीत, कमी फ्रेम घेऊन मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतात. तसं असेल तर एका फ्रेमचा १/२४० सेकंद धरण्यात अर्थ नाही. तपासायला दुसऱ्या फोनवरचं स्टॉपवॉच नको, त्याची स्क्रीनच सेकंदाला साठ किंवा एकशेवीस वेळा बदलते. सायकल उलटी करून मागचं चाक एका लयीत फिरव, स्पोकला पांढरी टेप लाव आणि दर फ्रेमला ती किती सरकते ते बघ. सरकणं एकसारखं हवं. मधेच टेप दोन जागी पुसट दिसली किंवा जागची हललीच नाही तर फ्रेम बनावट.

अवकाळी_पाऊस

मॅडम, गणित पटलं. तरी माझं म्हणणं एवढंच की निसर्गात 'एक क्षण' असं काही नसतं, मोजता येतो तो सरासरीच. मर्यादा ही आपल्या कागदावरची गोष्ट.

सुमेधा_के

यावर तुमच्याशी भांडायला मला आवडेल, पण वेगळ्या धाग्यावर. इथे शार्दूलला आकडा हवा होता. तरी एक विचारते: बॉल गादीवर आदळतो तेव्हा गादी किती दबेल हे कुठल्या वेगावर ठरतं? त्याआधीच्या ०.१ सेकंदाच्या सरासरीवर, की ०.०५ च्या?

शार्दूल_११वी

सायकलचं चाक उद्या करून बघतो. टेप काठीला बांधून नवीन व्हिडिओही काढतो, या वेळी पूर्ण दुपारच्या उन्हात, म्हणजे बॉल कमी पुसट येईल. आकडे इथेच टाकीन.