मिरेना बसवल्यावर रोजचं स्पॉटिंग

> "मिरेना बसवून दोन महिने झाले, रोज थोडं थोडं तपकिरी जातंय. काढून टाकू का?"

एवढ्यात नका काढू. सुरुवातीचे तीन ते सहा महिने असं चालतं, कारण गर्भाशयात बसवलेल्या या मिरेनातलं लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन तिथलं अस्तर हळूहळू पातळ करतं आणि ते होत असताना वरवरच्या बारीक रक्तवाहिन्या इतक्या नाजूक होतात की आज इथून उद्या तिथून थोडं थोडं रक्त झिरपतं, म्हणून पाळीसारखं भळाभळा न जाता पॅन्टीलायनरवर तपकिरी डाग पडत राहतात. अस्तर पुरतं पातळ झालं की बहुतेकींचं आपोआप कमी होतं, काहींची तर पाळीच बंद होते (त्यात घाण आत साठते वगैरे काही नसतं हो, सासूबाईंना सांगा).

पण मिरेनाचे धागे एकदा बघून घ्या. हात धुऊन, उकिडवं बसून बोट आत घातलं की गर्भाशयाच्या तोंडाशी मासे पकडायच्या दोरीसारखं टोक लागतं. ते लागतच नसेल, एकदम लांब वाटलं किंवा कडक प्लास्टिक टोचलं तर मिरेना सरकलेली असू शकते, मग डॉक्टर तपासून सोनोग्राफी करतील आणि तोवर कंडोम वापरा. धागा ओढून मात्र बघू नका.

तासाला पॅड भिजत असेल, ताप किंवा वास येणारा स्राव असेल तर थांबू नका. एका बाजूला पोटात जोरात दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा आणि प्रेग्नन्सी टेस्ट करा, कारण क्वचित गर्भ नळीत राहू शकतो. नुसत्या डागांनी फार वैताग आला तर डॉक्टर थोडे दिवस मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी देतात, अॅसिडिटी किंवा दमा असेल तर आधी सांगा.