एक ग्लास वाइन आणि तीन महिन्यांचं लायसन्स

नवाकोरा_नाशिककर: लायसन्स मिळून तीन महिने झालेत. रविवारी मित्रांबरोबर गंगापूर धरणाकडच्या वायनरीत जातोय, गाडी मीच चालवणार. एक ग्लास घेऊन तासाभराने निघालो तर चालेल ना? कायद्यात थोडी सूट आहे म्हणतात.

सातपूरचा_बंड्या: आहे की. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत गुन्हा नाही. पोटभर जेव, वर कडक कॉफी मार आणि बिनधास्त निघ.

रात्रपाळी_डॉक्टर: बंड्याभाऊ, आकडा बरोबर आहे, पण कॉफीने फक्त झोप जाते, दारू नाही. ती यकृत आपल्या गतीने काढतं, १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असतं. ६० किलोच्या मुलाच्या रक्तात ते ३५च्या आसपास जातं. तासाभराने तो मर्यादेच्या आत येईलही. ५० किलोची मुलगी मात्र ५०च्या पुढे जाते, तिला तासभर पुरत नाही. आणि ग्लास मोजून कोण भरतं?

माझी खरी काळजी वेगळी आहे. परिणाम ३०च्या खालीही होतो, आणि आधी बिघडतो तो अंदाज: समोरून येणारा ट्रक लांब आहे, ओव्हरटेक होईल, असं वाटतं. ताशी ६०च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पाव सेकंद उशिरा पडला की चार मीटर गेले, म्हणजे जवळजवळ एक अख्खी गाडी. त्यात नवशिक्याचं अर्धं लक्ष क्लच-गिअरमध्ये असतं, आणि दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देणंच दारूने आधी ढासळतं.

त्र्यंबकरोड_काका: वीस वर्षं घेऊन चालवतोय, एक ओरखडा नाही. सवयीचा प्रश्न आहे.

रात्रपाळी_डॉक्टर: काका, सवयीने चढल्यासारखं वाटत नाही, एवढंच. रक्तातला आकडा तोच राहतो.

सिडको_७१: माझं वेगळंच झालं. रात्री बारापर्यंत दोन मोठ्या स्ट्राँग बिअर घेतल्या. सकाळी सातला अगदी ताजातवाना निघालो आणि नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकल्यावर पकडलो गेलो. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झोपलो म्हणजे उतरली, असं धरून चाललो होतो.

कॉलेजरोड_ताई: आपल्याकडे तीन महिन्यांच्या आणि वीस वर्षांच्या लायसन्सला एकच मर्यादा, हेच मला खटकतं. जर्मनीत नवशिक्याला पहिली दोन वर्षं आणि २१च्या आतल्या प्रत्येकाला शून्य आहे. इथेही तसंच हवं.

सातपूरचा_बंड्या: शून्य केलं तर माउथवॉशने चूळ भरलेलाही अडकेल, ताई.

रात्रपाळी_डॉक्टर: तोंडातलं अल्कोहोल पंधरा मिनिटांत उडून जातं. थांबून पुन्हा फुंकायला लावलं की कळतं.

सातपूरचा_बंड्या: रात्री नाक्यावर पंधरा मिनिटं कोण थांबू देतं? शून्य मला अजून पटत नाही. कॉफीचं मात्र मागे घेतो.

नवाकोरा_नाशिककर: मी घेत नाही मग. पण आम्ही चौघे, आणि बाकी तिघांना चालवताच येत नाही. पुढच्या वेळी मला घ्यायची असेल, तर संध्याकाळी तिथून शहरात यायला रिक्षा मिळते का?

कॉलेजरोड_ताई: अंधार पडल्यावर भरवसा नाही. जातानाच परतीची ठरवून ठेव.