स्टोअरमधून अकाउंट्सला बदली झाली आणि सॅपमधली माल आल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, दिसेनाशी झाली. जुना अ‍ॅक्सेस परत मागणं रास्त आहे का?

बिलांचं_टेबल:
जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात आहे. गेल्या महिन्यात स्टोअरमधून अकाउंट्सला, पुरवठादारांच्या बिलांवर बदली झाली. बदलीची ऑर्डर निघाली आणि ही नोंद करायची-बघायची स्क्रीन, MIGO, बंद. बिल हातात असतं, पण माल कधी आला, किती उतरला, कोणत्या चलनावर आला, काहीच दिसत नाही. प्रत्येक बिलाला स्टोअरला फोन. खोकेवाले, फिल्म छापणारे असे लहान पुरवठादार रोज पैशांची विचारणा करतात. आयटीला अर्ज लिहिलाय: ‘बदलीनंतर माझा पूर्वीचा अ‍ॅक्सेस काढण्यात आला आहे. कामात अडचण येत आहे. कृपया पूर्ववत करावा.’ माझ्या मते मागणी रास्त आहे. तुम्हाला काय वाटतं?

तापीकाठ:
शंभर टक्के रास्त. ताईंना स्टोअरचं काम येतं, नवा माणूस अजून शिकतोय. त्याने एखादी एन्ट्री चुकवली तर पाच मिनिटांत दुरुस्त करणारं माणूस शेजारच्या खोलीत बसलंय आणि त्याच माणसाचे हात बांधलेत. मोठ्या कंपन्यांचे नियम लहान कारखान्यात आणून बसवले की असंच होणार. आमच्याकडे भुसावळला बदलीनंतर तीन महिने दोन्हीकडचं चालू ठेवतात. कोणाचं काही बिघडलेलं नाही.

लेखापरीक्षण_धुळे:
मी पूर्ण विरोधात आहे. काढला तेच योग्य झालं.

ताई, तुमच्यावर संशय नाही, पण व्यवहार कसा चालतो ते बघा. ऑर्डर ५०० खोक्यांची, गाडीतून उतरले ४८०, बिल आलं ५०० चं. स्टोअरने ४८० नोंदवले असतील तर MIRO मध्ये बिल टाकताना २० चा फरक लगेच समोर येतो. ही पकड टिकते ती एकाच कारणाने, नोंद एकाची आणि बिल दुसऱ्याचं असतं म्हणून. दोन्ही एकाच लॉगिनला दिलं की ५०० ची नोंद करून ५०० चं बिल पास करता येतं. कागदोपत्री सगळं जुळतं, वीस खोके मात्र कोणी पाहिलेलेच नसतात. ऑडिटमध्ये आम्ही सगळ्यात आधी हीच जोडी शोधतो. तुमचा अर्ज मंजूर झाला तर पुढच्या ऑडिटला तुमच्याच नावावर शेरा येईल.

सातपुडा_७१:
आमच्याकडे बरोबर उलटं झालं. माझी बदली धुळ्याहून शहाद्याला झाली, पण जुन्या कार्यालयाचं लॉगिन अजून चालू आहे. तिथली बिलं माझ्याच नावाने पुढे जातात. बंद करा म्हणून दोनदा लेखी दिलं. कुणी दखल घेत नाही. तुमचं निदान बंद तरी झालं.

लेखापरीक्षण_धुळे:
सातपुडा, तुमचं प्रकरण जास्त गंभीर आहे. त्या अर्जाची पोच जपून ठेवा आणि वरिष्ठांना लेखी कळवा. पण इथला प्रश्न वेगळा आहे.

केळीबाग:
ताई, आधी पूर्ण लॉगआउट करून परत लॉगिन करून बघा. आमच्याकडे रावेरला असंच झालं होतं. परत लॉगिन केल्यावर सगळं आलं.

सॅप_बेसिस_नाशिक:
केळीबाग यांचं अर्धं बरोबर आहे. नवा रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, लावल्यावर चालू सेशनमध्ये कधी कधी तो उमटत नाही, तेव्हा परत लॉगिन करावं लागतं. इथे रोलच निघालाय, तेव्हा शंभर वेळा लॉगिन केलं तरी तेच दिसणार.

ताई, मूळचा चाळीसगावचा, बारा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बदलीच्या ऑर्डरसोबतच बंद झालं म्हणता, त्यावरून तुमच्याकडे रोल पदाला लावलेले दिसतात. एचआरने पद बदललं की जुने रोल आपोआप गळतात, नव्या पदाचे चिकटतात. म्हणजे कोणी मुद्दाम काढलेलं नाही, नव्या पदाचा रोल बनवतानाच कोणीतरी एक गोष्ट विसरलंय. बिल बघणाऱ्याला माल आल्याची नोंद *बघता* आली पाहिजे, हे त्या रोलमध्ये नाही. तुमच्या जागी उद्या दुसरं कोणी आलं तरी त्यालाही हीच अडचण येणार.

तुमच्या अर्जातला ‘पूर्ववत करावा’ हा शब्द म्हणूनच अडचणीचा आहे. पूर्ववत म्हणजे पोस्टिंगसकट, नोंद करण्याच्या अधिकारासकट. आयटीने तो अर्ज ऑडिटकडे पाठवला की धुळ्याचे भाऊ म्हणतात तेच उत्तर येणार, आणि जे मिळायला हवं तेही त्यात अडकणार.

MIGO मध्ये बघणं आणि नोंदवणं यांची परवानगी वेगवेगळी तपासली जाते. फक्त बघण्याचा अ‍ॅक्सेस देता येतो, तोही तुमच्या प्लांटपुरता.

आता हे करा. MIGO उघडा, नकार आला की लगेच, कोणती परवानगी कमी पडली ते दाखवणारं SU53 चालवा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मध्ये दुसरं काही उघडू नका, नाहीतर दुसराच नकार त्यात येऊन बसतो. पण एक लक्षात ठेवा. तुम्हाला बहुतेक `S_TCODE` दिसेल. तो फक्त पहिला दरवाजा आहे. आयटीने तेवढाच उघडून दिला की पुढच्या वेळी `M_MSEG_WMB` वर अडकाल, मग `M_MSEG_BMB` वर. लोक तीन-तीन अर्ज करतात ते यामुळेच. म्हणून स्क्रीनशॉटसोबत लिहा की जीआरएन उघडून बघायचा आहे, अ‍ॅक्टिव्हिटी 03, आमचा प्लांट. बाकी रोल बनवणारा समजून घेतो.

तोपर्यंत ME23N मध्ये खरेदीची ऑर्डर, म्हणजे पीओ, उघडता येतो का बघा. खाली हिस्टरीत जीआरएनचा नंबर, तारीख आणि नग दिसतात.

लेखापरीक्षण_धुळे:
फक्त बघण्याला माझा विरोध नाही. पण ME23N मध्ये तारीख आणि नग दिसत असतील तर MIGO हवंच कशाला? जितकं कमी तितकं बरं.

बिलांचं_टेबल:
ME23N चालतंय, नाशिकच्या भाऊंचे आभार. पण धुळ्याच्या भाऊंना तेवढ्याने का भागत नाही ते सांगते. हिस्टरीत दिसते ती पोस्टिंगची तारीख. जीआरएनच्या हेडरमध्ये चलन नंबर असतो आणि गेट एन्ट्री आम्ही तिथेच टाकतो. ते बघायला गेलं की परत नकार.

कालचंच उदाहरण घ्या. खोक्यांची गाडी ३ जूनला गेटवर आली. स्टोअरमध्ये नवा माणूस, त्याने नोंद केली ९ जूनला. हिस्टरीत ९ दिसतं. या पुरवठादाराशी आमचा ४५ दिवसांचा लेखी करार आहे आणि तो सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे. ९ जूनपासून मोजलं तर मुदत २४ जुलैला संपते. आमचं पेमेंट १०, २० आणि ३० तारखेला निघतं, म्हणजे मी त्याला २० जुलैच्या यादीत बिनधास्त टाकलं असतं. ३ जूनपासून मोजलं तर मुदत १८ जुलैलाच संपते. त्याला १० च्या यादीत घ्यावं लागतं. हे मला कळलं ते गेटवरच्या माणसाला फोन केला म्हणून.

सॅप_बेसिस_नाशिक:
हे उदाहरण जसंच्या तसं अर्जात टाका. ‘कामात अडचण’ वाचून कोणी हलत नाही. एक पीओ, दोन तारखा आणि चुकलेली यादी दिसली की फायनान्स हेडच आयटीच्या मागे लागतो.

लेखापरीक्षण_धुळे:
हा मुद्दा मान्य, आणि त्याला वजन आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी हरकत घेतली नसेल तर प्रत्यक्ष माल मिळाल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरतात. संगणकात नोंद कधी झाली याला तिथे किंमत नाही. करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, आणि करार नसेल तर १५ च दिवस. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम खर्चात धरता येते ती प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच. मार्चअखेरची बिलं यात सापडली तर कंपनीला त्या वर्षी जास्त कर भरावा लागतो.

पण तुमच्या उदाहरणातला खरा दोष स्टोअरने सहा दिवस नोंद केली नाही हा आहे. तुम्हाला जीआरएन दिसायला लागला की हा उशीर झाकला जाईल, तुम्ही गुपचूप सांभाळून घ्याल. गाडी आली त्याच दिवशी नोंद व्हावी, हे पण अर्जात लिहा.

खोकेवाला_अमळनेर:
भाऊ, तुमनं म्हननं खरं शे. पण आमच्या बाजूनेही ऐका. मी खोके पुरवतो. कायद्यात व्याज आहे म्हणता, पण ते मागायला गेलो तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते. कागदाच्या गिरणीला मला मात्र तीस दिवसांत द्यावंच लागतं. कंपनीत विचारलं की अकाउंट्स म्हणतं स्टोअरला विचारा, स्टोअर म्हणतं अकाउंट्सला विचारा. समोर बसलेल्या बाईंना स्क्रीनवर दिसलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. मला दुसरं काही नको, तारीख सांगा.

तापीकाठ:
सगळं पटलं, पण माझा प्रश्न तसाच आहे. ताईंनी स्टोअरमध्ये असताना केलेल्या जुन्या नोंदींत काही उलटवायचं असेल तर? नव्या माणसाला त्यातलं काय माहीत? निदान महिनाभर पोस्टिंगही द्या, शेवटची तारीख टाकून. सॅपमध्ये रोलला मुदत घालता येते ना?

सॅप_बेसिस_नाशिक:
येते. मुदत संपली की रोल आपोआप निष्प्रभ होतो. तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही.

लेखापरीक्षण_धुळे:
तरीही नाही. नोंद नव्या माणसाने उलटवावी, ताईंनी शेजारी बसून सांगावं. बोटं त्याची, माहिती ताईंची.

तापीकाठ:
आणि तो रजेवर असला तर? दोन माणसांच्या स्टोअरमध्ये तुमचं तत्त्व किती दिवस टिकेल?

बिलांचं_टेबल:
पोस्टिंग मी मागत नाही. माझ्या जुन्या तीन नोंदी प्रलंबित आहेत, त्या स्टोअर इनचार्जकडे यादी करून दिल्या. अर्ज असा बदललाय:

‘स्टोअरमधून बिल विभागात बदली झाल्यावर जीआरएन पाहण्याची सोय बंद झाली आहे. नोंद करण्याचा अधिकार नको. फक्त आमच्या प्लांटचे जीआरएन पाहण्याची परवानगी (MIGO, अ‍ॅक्टिव्हिटी 03) बिल विभागाच्या रोलमध्येच जोडावी, म्हणजे पुढे येणाऱ्यालाही ती मिळेल. SU53 सोबत जोडला आहे. ३ जूनला आलेल्या मालाची नोंद ९ जूनला झाली. ती तारीख धरली असती तर सूक्ष्म पुरवठादाराचे पैसे १८ जुलैची मुदत उलटून २० जुलैला गेले असते. असे पुरवठादार आणि त्यांची थकलेली बिलं यांची यादी सोबत आहे. १० तारखेच्या यादीआधी निर्णय मिळावा.’

स्टोअरच्या उशिराचं मी यात लिहिलेलं नाही. तो मुलगा नवा आहे, त्याच्या विरोधात कागद माझ्या नावाने जायला नको. इनचार्जशी तोंडी बोलले आहे.

लेखापरीक्षण_धुळे:
अर्ज चांगला झालाय. पण तोंडी बोलणं मला पटलेलं नाही. त्या मुलाचं नाव न घालता ‘गेट एन्ट्री आणि नोंद यात अंतर पडतं’ एवढं एक वाक्य घाला.

खोकेवाला_अमळनेर:
नका घालू ताई. स्टोअरवाल्याशी वाकडं आलं की गाडी गेटवरच थांबते, आणि ती आमची असते.